‘लागेल तेवढी रजा’

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पर्सोनेल खातं सांभाळते. बडोद्यात पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी परदेशात असतं, त्यामुळे व्हिसासाठी रजा आणि ना हरकत पत्र मागणारे अर्ज वर्षभर माझ्या टेबलावर येतात. एरवी अर्ध्या तासात हातावेगळं होणारं हे काम. पण गेल्या वर्षी एका पत्रापायी जे घडलं ते डोक्यातून जात नाही.

आमच्या टूलरूमचे फोरमन, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. 1998 पासून कंपनीत. मुलगी न्यू जर्सीला, मे महिन्यात बाळंत होणार होती. काका-काकू दोघांनी व्हिजिटर व्हिसाचे फॉर्म भरले आणि फेब्रुवारीत मुंबईची तारीख मिळाली. काकांनी अर्ज दिला: ‘व्हिसा इंटरव्ह्यू व अमेरिका प्रवासासाठी रजा मिळावी आणि ना हरकत पत्र मिळावं.’ तारखा नाहीत. मी विचारलं, “काका, किती दिवस?” ते म्हणाले, “सहा महिने राहू देतात म्हणे, ताई. लागेल तेवढी द्या.”

सगळी गडबड या वाक्यात होती. ती तेव्हा मला दिसायला हवी होती. अमेरिकेचा व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो. एका फेरीत किती राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि बहुतेकांना तो सहा महिने देतो. ही झाली मुभा. आपण किती दिवसांसाठी जातोय, हा प्रश्न वेगळा, आणि वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीवर तोच विचारतात. पण काकांच्या व्हिसा एजंटनं दिलेल्या पत्राच्या छापील नमुन्यात ‘सहा महिने’ आधीच लिहिलेलं होतं. हे एजंट एका नमुन्यावर पन्नास लोकांना पाठवतात आणि प्रत्येकाकडून पैसे घेतात, याचा मला मनापासून राग आहे.

तरी पत्र मीच लिहिलं. काकांनी इतकी वर्षं कधी धड रजा घेतली नव्हती, म्हणून मायेनं लिहिलं: ‘कंपनीने त्यांना सहा महिन्यांपर्यंत, गरजेनुसार, रजा मंजूर केली आहे.’ मॅनेजरसाहेबांनी न वाचता सही केली. ते न वाचताच सही करतात, ही त्यांची जुनी सवय.

इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांत आटोपला. किती दिवस राहणार? सहा महिने. नोकरीचं काय? “कंपनीने सहा महिने रजा दिलीय, साहेब फार चांगले आहेत.” अधिकाऱ्यानं दोघांचे पासपोर्ट परत केले आणि सोबत कागद दिला. त्यावर कलम 214(b): तुम्ही मायदेशी परत याल असे पुरेसे बंध तुम्ही दाखवू शकला नाहीत, असा त्याचा अर्थ. त्यावर अपील नसतं. नवी फी भरून नवा अर्ज करायचा, माणशी 185 डॉलर.

काका तो कागद घेऊन आले तेव्हा मी विचारलं, “माझं पत्र बघितलं का त्यांनी?” ते म्हणाले, “फाईल उघडायलाही सांगितली नाही.” क्षणभर मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, पत्र बघितलं नसेल, पण पत्रातलं वाक्य काकांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. ज्या माणसाविना कारखाना सहा महिने चालतो, त्याची नोकरी त्याला परत ओढून आणेल असं खिडकीपलीकडच्या माणसानं का मानावं?

दुसऱ्या वेळी आम्ही शिफ्ट सुटल्यावर कँटीनमध्ये बसलो. आधी त्यांचा अर्ज दोन भागांत तोडला. पहिला अर्ज फक्त मुंबईचा. आधी बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर वकिलातीत मुलाखत, म्हणून तीन दिवस. ही तारीख पुढेमागे होते, म्हणून ती ना हरकत पत्रात घालायचीच नाही. दुसरा अर्ज प्रवासाचा. मी काकांना म्हटलं, “आता तुम्ही सांगा, टूलरूम तुमच्याविना किती दिवस चालेल?” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ऑगस्टमध्ये ग्राहकाचं ऑडिट आहे. गेजांची रजिस्टरं दुसऱ्या कुणाला दाखवता येणार नाहीत. पाच आठवडे, त्यापुढे नाही.”

हवं होतं ते हेच. 22 जून ते 26 जुलै, पस्तीस दिवस. साप्ताहिक सुट्ट्या वजा जाता तीस पीएल, त्यांच्या खात्यावर चौतीस शिल्लक होत्या. म्हणजे रजा पगारी. चार्ज त्यांच्या असिस्टंटकडे. 27 जुलैला कामावर हजर.

पत्र मी तीनदा लिहिलं. लेटरहेड, जावक क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, नोकरी कायम असल्याचं एक वाक्य, पगार, रजेच्या तारखा, परत हजर होण्याची तारीख. खर्च ते स्वतः करणार, कंपनी करणार नाही, हेही. तिकीट काढलेलं नव्हतं (व्हिसा हातात येईपर्यंत काढू नये, असं वकिलातच सांगते), म्हणून ‘नियोजित प्रवास’ असा शब्द घातला. ‘ते परत येतील याची कंपनी हमी देते’ हे एजंटच्या नमुन्यातलं वाक्य मी खोडलं. माणसाच्या पावलांची हमी कंपनी कशी देणार? ‘त्यांना व्हिसा द्यावा ही विनंती’ हेही खोडलं. नोकरी आहे आणि रजा मंजूर आहे, एवढंच सांगायचा आपला अधिकार.

शेवटी नाव जुळवलं तेव्हा आमच्या रेकॉर्डवर ‘दत्तात्रय’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा ए नव्हता, पासपोर्टवर होता. पहिल्या पत्रात तो तसाच गेला होता, कुणाच्या लक्षात आला नव्हता. या वेळी पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर बोटानं पुढे सरकवत मी वाचलं, आणि मॅनेजरसाहेबांना सही करायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवलं.

एजंटचा फोन आला, व्हिसाच्या DS-160 फॉर्ममध्ये आधी व्हिसा नाकारला होता का, तिथे ‘नाही’ लिहा. काका घाबरले होते. मी म्हटलं, “नकार त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, काका. खोटं लिहून पकडलं गेलं तर कायमचा दरवाजा बंद होईल.” त्यांनी ‘होय’ लिहिलं आणि राहायचे दिवस पस्तीस लिहिले.

दुसरी तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाली, तीही मुलगी तिकडून रात्र-रात्र वेबसाइट बघत बसली म्हणून. फाईल याही वेळी उघडली नाही. परत कधी, असं विचारल्यावर काका म्हणाले, “सत्तावीस जुलै. सकाळी आठची शिफ्ट.” दोघांचेही पासपोर्ट ठेवून घेतले.

मंजुरी पत्रामुळे मिळाली की पहिल्या अधिकाऱ्याच्या जागी दुसरा होता म्हणून, हे कुणीच सांगत नाही. पण मला जे छळतं ते वेगळं आहे. पहिल्याच वेळी मी तारखा मागून घेतल्या असत्या तर काकू मेच्या आधी तिकडे पोचल्या असत्या. मुलगी मे अखेर बाळंत झाली तेव्हा तिच्याजवळ नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं. काकूंनी एप्रिलमध्ये मुलीसाठी डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. त्यातला डबाभर काकांनी जूनमध्ये मला आणून दिला, “आता तिकडे नवे करू” म्हणाले.

27 जुलैला आठला पाच कमी असताना त्यांनी हजर झाल्याचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मी तो त्यांच्या फाईलमध्ये लावला, दोन्ही ना हरकत पत्रांच्या प्रतींच्या वर.