टोमॅटो डिसेंबरात पिकतो, बी सप्टेंबरात खपतं

‘ताई, टोमॅटोच्या बीपासून लाल फळापर्यंत सगळं तुम्ही यूट्यूबवर दाखवता. त्याला तीन-चार महिने लागत असतील. एवढं लांबलचक शूटिंग आखता कसं? आणि बिया-कुंड्या विकून खरंच काही सुटतं का?’

सुटतं. पण पिकाच्या तारखा आणि गिऱ्हाइकाच्या तारखा एकमेकींशी कधीच जुळत नाहीत, आणि माझं सगळं नियोजन त्या दोन्हींची गाठ घालण्यात जातं.

आमच्या नाशिकच्या गच्चीवर पावसाचा जोर ओसरला की, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, मी टोमॅटो पेरते. साधारण आठवडाभरात बी वर येतं. पंचवीस-तीस दिवसांनी रोप मोठ्या कुंडीत जातं. त्यानंतर महिन्याभरात फुलं दिसतात आणि पहिलं फळ लाल व्हायला डिसेंबर उजाडतो. आता बघा, फळ लाल झाल्याचा शेवटचा भाग मी डिसेंबरात टाकला, तर तो पाहून ज्याला बी घ्यावंसं वाटेल त्याचा पेरणीचा चांगला काळ निघून गेलेला असतो. बी खपतं ते ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत. बाकीचं वर्ष तुरळक.

म्हणून एकाच पिकाचं शूटिंग मी दोनदा वापरते. पीक चालू असताना छोटे तुकडे जसेच्या तसे टाकते: आज रोप वर आलं, आज पांढरी माशी दिसली. हे बघणारे बहुतेक स्वतःही लावून बसलेले असतात, मला त्यांना काही विकायचं नसतं. अख्खी, सलग फिल्म मात्र डिसेंबरात कापून पुढच्या ऑगस्टपर्यंत राखून ठेवते. आठ महिने तयार माल दाबून ठेवायचा म्हटलं की जीव वर-खाली होतो, पण पेरायच्या वेळेला समोर आलेली फिल्मच बी विकते.

शूटिंगचे दोन भाग पडतात, घरातलं आणि गच्चीवरचं. बी उगवण्याचा भाग घरात, खिडकी बंद असलेल्या खोलीत, दिव्याखाली होतो. बाहेर ढग आला की फोटोचा उजेड बदलतो, वारा आला की रोप हलतं, आणि सगळे फोटो जोडले की चित्र लुकलुकतं. घरात जुना फोन स्टँडवर घट्ट बसवायचा, चार्जरला लावून ठेवायचा, आणि त्यात उजेड, रंग, फोकस हाताने ठरवून कुलूपबंद करायचं. हे फोनवर सोपवलं तर दर फोटोला तो आपलं डोकं चालवतो. दिवा टायमरवर सोळा तास चालू, आठ तास बंद. ‘सतत चालू ठेवला तर जास्त फोटो मिळतील ना?’ असं बरेच जण सुचवतात. पण टोमॅटोला अखंड उजेड मानवत नाही, पानं पिवळी पडू लागतात.

दर वीस मिनिटांनी एक फोटो घेतला तर सोळा तासांत अठ्ठेचाळीस होतात. दहा दिवसांचे ४८०. सेकंदाला पंचवीस फोटो या हिशेबाने ही फिल्म जेमतेम एकोणीस सेकंदांची. एवढी पुरते, पण त्यातला पाहण्यासारखा क्षण थोडाच असतो: मातीला भेग पडते, रोप मान वाकवून वर येतं आणि मग ती मान सरळ होते. तो सगळा खेळ दहा-बारा तासांत आटोपतो. वीस मिनिटांच्या अंतराने तो पडद्यावर सेकंद-दीड सेकंदात उडून जातो. म्हणून मातीला फुगवटा दिसला की मी अंतर पाच मिनिटांवर आणते. हे आपोआप होत नाही, त्यासाठी चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ जाऊन बघावं लागतं. लाईट गेली की मधले फोटो काळे येतात. ते काढून टाकले की झटका जाणवतो, पण खोटं काही होत नाही.

मुळं दाखवायची तर काचेची एक बाजू असलेली चपटी पेटी लागते. ती काचेच्या बाजूला तिरकी झुकवून ठेवायची, म्हणजे मूळ खाली जाताना काचेला चिकटून उतरतं. सरळ उभी ठेवली तर मुळं मातीच्या आत गायब होतात. काचेवर काळं कापड हवंच. उजेड लागला की मुळं काचेपासून दूर वळतात आणि काचेवर हिरवं शेवाळ धरतं. त्यामुळे हे फोटो यंत्रावर सोडता येत नाहीत. रोज एका ठरलेल्या वेळी कापड उचलायचं, फोटो काढायचा, कापड टाकायचं.

गच्चीवर गेल्यावर मी हे लुकलुकतं प्रकरण सोडूनच देते. तिथे फरशीवर ऑइल पेंटने तीन ठिपके आहेत. स्टँडचे पाय त्यावर, कुंडीचा ठिपकाही ठरलेला, मागे एक खुणा केलेली लाकडी पट्टी उभी. सकाळी आठच्या सुमारास, ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत, दर आठवड्याला तोच कोन. एवढ्याने वाढ दिसते. बाकी हातातल्या कॅमेऱ्याने.

एकाच रोपावर चार महिन्यांची फिल्म लावणं म्हणजे जुगार. म्हणून एकाच दिवशी पेरलेली सहा रोपं मी सारख्या कुंड्यांत, सारख्या मातीत वाढवते आणि त्यातली दोन कॅमेऱ्यासमोर ठेवते. दहा दिवसांनी पेरलेली आणखी एक तुकडी मागे तयार असते. पांढऱ्या माशीने बोकड्या आणला, म्हणजे शेंड्याची पानं आखडून वर वळली आणि वाढ थांबली, की ते रोप परत सुधारत नाही. निंबोळी अर्काने माशी आटोक्यात राहते, पण आत शिरलेला विषाणू जात नाही. तेव्हा ते रोप काढते, जुळं रोप ठिपक्यावर आणते आणि फिल्ममध्ये तसं स्पष्ट सांगते. गुपचूप बदललं तर लोकांच्या लक्षात येतंच. फांद्यांची रचना वेगळी असते, आणि आमच्याकडे पिंपळगाव बसवंत, निफाडकडचे टोमॅटोवालेही बघतात. त्यांना फसवणं माझ्या बापाच्याने होणार नाही.

शेवटच्या दृश्याचा खरा शत्रू मात्र वेगळा. फळ लिंबाएवढं झालं की त्याच्या टोकाला काळपट, बसका, चामड्यासारखा डाग पडतो. बघणाऱ्याला तो रोग वाटतो. कुंडीत बहुतेक वेळा कारण एकच असतं: माती एक दिवस कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी चिखल. पाण्याबरोबर कॅल्शियम वर जातं. पाणी तुटलं की फळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही. वरून काही फवारून डाग पडलेलं फळ सुधारत नाही, पाणी नियमित केलं की पुढची वाचतात. लहान कुंडीत हे जास्त होतं, कारण ती लवकर वाळते. आणि इथेच कुंड्यांचा धंदा सुरू होतो.

बी फिल्म निघताच खपतं हे कुणालाही सुचेल. कुंड्या आणि ग्रो बॅग मात्र फिल्म निघाल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी खपतात. तोवर लोकांची रोपं दह्याच्या डब्यात वीतभर झालेली असतात आणि ती कुठे लावायची हा प्रश्न उभा राहतो. म्हणून कुंड्या विकण्याबद्दल मी फिल्ममध्ये चकार शब्द काढत नाही. स्थलांतराचा तुकडा वेगळा टाकते. त्यात आठ इंची कुंडीतलं आणि पंधरा इंची बॅगेतलं असं एकाच वयाचं रोप शेजारी शेजारी ठेवते. ही जोडी दाखवण्यासाठीच त्या सहांशिवाय त्याच दिवशी पेरलेलं आणखी एक रोप मुद्दाम लहान कुंडीत लावलेलं असतं.

मातीच्या कुंड्या मी फक्त नाशिकमध्ये देते, घरी येऊन नेणाऱ्यांना. कुरिअरने पाठवायच्या तर भुसा, खोके आणि फुटतूट धरून कुंडीपेक्षा वाहतूक महाग पडते. ग्रो बॅग घडी घालून पाकिटात जाते, म्हणून बाहेरगावी तीच.

बियांत कायदा आहे, आणि तो अनेक चॅनेलवाल्यांना माहीतच नसतो. बियाणं विकायचं तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. घाऊक पुडा फोडून घरच्या पाकिटात भरून विकणं त्यात बसत नाही. पाकिटावर लॉट क्रमांक, तपासणीची तारीख आणि उगवणशक्ती हवी. टोमॅटोला ती किमान ७० टक्के. मी स्वतः पाकिटं भरत नाही. परवाना असलेल्या विक्रेत्याची सीलबंद पाकिटं घेते आणि माझा वाटा कमिशनचा. तो फिल्ममध्ये सांगते आणि यूट्यूबवर सशुल्क प्रसिद्धीच्या खुणेवरही टिक करते.

हिशेब समजा असा: चाळीस रुपयांचं पाकीट, मला सुटतात आठ-दहा. एकटं पाकीट पाठवायला टपालखर्च पाकिटाइतकाच. म्हणून सुटं पाकीट मी पाठवत नाही. त्याच हंगामातल्या पाच भाज्यांचा संच देते. त्यात टोमॅटोबरोबर वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. मेथी-कोथिंबीर मुद्दाम, कारण त्या महिना-दीड महिन्यात हाती येतात आणि टोमॅटोची वाट बघणारा माणूस कंटाळून पळून जात नाही. बॅगेवर सुटणारा पैसा बियांपेक्षा बरा. जाहिरातींचे पैसे दोन्हींहून कमी, मराठी चॅनेलला तरी.

नव्या लॉटमधल्या पन्नास बिया ओल्या कागदात गुंडाळून मी चौदा दिवस बघते. पस्तीसच्या खाली आल्या तर तो लॉट परत. ही तपासणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावी लागते, नाहीतर निकाल लागेस्तोवर विक्री सुरू झालेली असते. तीच तपासणी शूट करून संचाबरोबर तिची लिंक पाठवते. ‘बी उगवलं नाही’ ही तक्रार चौथ्या दिवशी येते. तेव्हा मी काही बोलत नाही, तोच व्हिडिओ पाठवते: त्यात चौथ्या दिवशी माझाही कागद जवळजवळ रिकामाच दिसतो. दहाव्या दिवसानंतरही काही नसेल, तर विचारते की बी किती खोल टाकलं आणि कुंडी कुठे आहे. खोल म्हणजे नखभर, फार तर पाऊण सेंटिमीटर. उन्हाळ्यात विदर्भातून फोन आला तर तापमान विचारते. पस्तीसच्या वर टोमॅटोचं बी हट्ट धरून बसतं. एवढं करूनही नसेल उगवलं, तर दुसरं पाकीट फुकट.

हंगाम संपल्यावर उरलेली पाकिटं विक्रेत्याला परत जातात. पुढच्या वर्षी तीच विकावीत असा मोह होतो, कारण फिल्ममध्ये दिसतो तो नेमका तोच लॉट. पण पाकिटावरची मुदत संपलेली असते. म्हणून फिल्मखाली लिहिते की दाखवलेला लॉट मागच्या वर्षीचा, तुम्हाला मिळणारा यंदाचा, वाण तोच.