चाळकेवाडीच्या सड्यावर: शुक्रवार सोडून शनिवार का धरला

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लागून शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री हाताशी होत्या. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, तिघं जण, एक गाडी आणि चाळकेवाडीत ओळखीच्या तात्यांचं अंगण, एवढी जुळवाजुळव झालेली होती. फोनवरच्या साध्या हवामान ॲपमध्ये शुक्रवारी ढग 0 टक्के होते आणि शनिवारी 35 टक्के. तरीही आम्ही शनिवारी गेलो. त्यामागचा हिशोब सविस्तर लिहितोय, कारण हिवाळ्यात साताऱ्याच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारांवर, दुर्बीण घेऊन जाणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच कधी ना कधी येतोच.

आधी काय पाहायचं ते ठरलं पाहिजे, कारण रात्र त्यावरून निवडायची असते. आम्हाला त्रिकोण तारकासमूहातली एम 33 दीर्घिका पाहायची होती. आकाशात ती पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे तिचा प्रकाश पसरून फार फिका पडतो. हवा जराशी धुरकट झाली तरी सगळ्यात आधी तीच दिसेनाशी होते. गुरूचे पट्टे पाहायचे असते तर शुक्रवारसुद्धा चालला असता. किंचित धुरकट पण स्थिर हवेत ग्रह पुष्कळदा छान, न थरथरता दिसतात. दीर्घिका आणि तेजोमेघांना मात्र पारदर्शक हवाच लागते.

आता शुक्रवार. विंडी या हवामानाच्या ॲपमध्ये चाळकेवाडीवर बोट ठेवून तापमान आणि `Dew point`, म्हणजे दवबिंदू, असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून घेतले. रात्री नऊला 18 आणि 13. मध्यरात्री 15 आणि 13. पहाटे तीनला 13 आणि 13. दवबिंदू जागचा हलत नाही आणि तापमान उतरत उतरत त्याला येऊन भेटतं. आर्द्रतेच्या टक्क्यांत पाहिलं तर नऊला 73 टक्के दिसतात आणि तो आकडा काही वाईट वाटत नाही. गडबड तिथंच होते. टक्के तापमानाबरोबर बदलत राहतात, म्हणून संध्याकाळचे टक्के बघून रात्रीचा अंदाज येत नाही. दोन आकड्यांतलं अंतर रात्रभर कसं कमी होतंय हे बघायचं.

शिवाय दव पडायला ते अंतर शून्य व्हावं लागत नाही. दुर्बिणीचा धातू आणि काच मोकळ्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश जास्त गार होतात. म्हणजे शुक्रवारी मध्यरात्री अंतर दोनवर आलं की दव सुरू. सगळ्यात आधी शोधक दुर्बिणीची पुढची काच आणि आयपीस ओले होतात, मग नळीच्या तोंडाजवळचा छोटा आरसा. मोठा आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे बराच वेळ टिकतो, पण तोवर बाकीचं सगळं धुकटलेलं असतं. आमचा ठोकताळा असा: पहाटे तीनला अंतर पाच अंशांच्या वर राहणार असेल तर निवांत जावं. तीन ते पाच असेल तर दवरोधक पट्टा किंवा हेअर ड्रायर सोबत हवा. त्याहून कमी असेल तर ग्रह पाहून बारापर्यंत घरी यावं. शनिवारी पहाटे तीनला दवबिंदू सहाच्या आसपास दिसत होता आणि अंतर पाचच्या वर.

दमटपणाचा दुसरा परिणाम डोळ्यांना लगेच दिसत नाही. हवेतले धुराचे, धुळीचे बारीक कण ओलावा शोषून फुगतात. आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे गेली की तेच कण जास्त प्रकाश विखुरतात. ढग एकही नाही, पण आकाश काळं दिसायच्या ऐवजी राखाडी दिसतं, आणि खाली सातारा-कराडच्या दिव्यांचा उजेड वरपर्यंत चढतो. आपल्याकडे गळीत हंगामात हे जास्त जाणवतं. ऊस तुटला की पाचट पेटतं, आणि संध्याकाळी गार हवेचं झाकण बसलं की तो धूर कृष्णेच्या खोऱ्यात पसरून राहतो.

म्हणून तिसरा आकडा `Aerosol` या थरावरून घेतला. हवेतले कण प्रकाशाला किती अडवतात ते तो सांगतो. शुक्रवारी 0.45 होता, शनिवारी 0.2. या आकड्याला 1.086 ने गुणलं की डोक्यावरचा तारा कणांमुळे किती प्रतीने, म्हणजे तेजस्वितेच्या किती पायऱ्यांनी, मंद दिसेल ते कळतं. शुक्रवारी जवळपास अर्धी प्रत. क्षितिजापासून 30 अंशांवर प्रकाशाला दुप्पट हवा ओलांडावी लागते, तिथं एक प्रत, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच गेला. शनिवारी डोक्यावर जेमतेम पाव प्रत. हा अंदाज सुमारे 40 किलोमीटरच्या चौकटींत काढलेला असतो, त्यामुळे समोरच्या शिवारात आज पाचट पेटलंय की नाही हे त्याला कळत नाही. ते आपणच पाहायचं. दुपारी सूर्य विजेच्या खांबाआड घ्या आणि त्याच्या कडेचं आकाश बघा. सूर्याच्या अगदी जवळपर्यंत निळं असेल तर हवा स्वच्छ आहे. भोवती मोठं पांढुरकं वर्तुळ असेल तर कण भरपूर आहेत. साताऱ्यातून हे काम अजिंक्यताऱ्यावरूनही होतं: सज्जनगडाचा कडा आणि त्यामागच्या डोंगररांगा वेगवेगळ्या दिसतात की सगळं एकच करडं दिसतं, तेवढं बघायचं.

राहिले शनिवारचे 35 टक्के ढग. ढगांची एकूण टक्केवारी बघून रात्र रद्द करू नये. `Low clouds`, `Medium clouds` आणि `High clouds` हे थर वेगवेगळे उघडावेत. शनिवारी खालचे आणि मधले थर कोरे होते. सगळे 35 टक्के वरच्या थरातले, अरबी समुद्रावरून वरच्या जोरदार वाऱ्याबरोबर आलेले पिंजलेले ढग. तेही संध्याकाळच्या रकान्यांत जास्त, नंतर शून्य. ईसीएमडब्ल्यूएफ हे मॉडेल ढग नऊला जातील म्हणत होतं, जीएफएस बारा म्हणत होतं. दोघांत असा तीन तासांचा फरक असेल तर भांडण उपग्रहाच्या चित्राने मिटवायचं. सकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर चाललेले दोन्ही अंदाज दुपारपर्यंत हाती येतात, त्यानंतर अंदाज उकरत बसण्यात अर्थ नाही.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅटची चित्रं दिवसभर येत असतात. त्यातलं अवरक्त चित्र घेतलं. संध्याकाळी पाचच्या चित्रात ढगांच्या पट्ट्याची पश्चिमेकडची, म्हणजे मागची कड किनाऱ्यापासून साधारण 200 किलोमीटर आत समुद्रात होती. सहाच्या चित्रात 140. अंतर मोजायला चित्रावरच्या रेखांशाच्या रेघा पुरतात. आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे 106 किलोमीटर. पट्टा ताशी 60 किलोमीटरने पूर्वेकडे सरकत होता. किनाऱ्यापासून चाळकेवाडी सरळ रेषेत 70 किलोमीटरच्या आसपास. 140 आणि 70 मिळून 210, भागिले 60, म्हणजे साडेतीन तास. साडेनऊला आकाश मोकळं. मागे समुद्रावर दुसरा पट्टा नव्हता. सव्वासहाला गाडी काढली.

बोगदा ओलांडून सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडी. साताऱ्यातून एक-सव्वा तास धरा. घाटात सावकाश चालवा आणि आरसे असलेली नळी मागच्या सीटवर रजईत आडवी ठेवा. कासपेक्षा इकडे यायचं कारण म्हणजे कासचा सडा 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि रात्री तिथं उतरून दुर्बीण मांडायची ती जागा नव्हे. चाळकेवाडीतही पवनचक्क्यांच्या आवारात शिरू नका. कुणाच्या तरी अंगणात, मालकाला विचारून बसा.

पोचलो तेव्हा गुरूभोवती दुधाळ खळं होतं आणि कृत्तिकांमध्ये जेमतेम चार तारे दिसत होते. दुर्बीण बाहेर काढून आरसा गार व्हायला ठेवला. त्याला तासभर लागतोच, त्यामुळे ढगांचा वेळ वाया गेला नाही. तात्यांना कालच्या रात्रीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "काल नव्हता आला ते बरं केलं. परळीचं खोरं धुक्यानं भरलं हुतं, पार कड्यापतूर. सकाळी पत्र्यावरनं पाणी ठिबकत हुतं." म्हणजे शुक्रवारचा हिशोब जागेवरही खरा ठरला होता. हेही लक्षात घ्या की मॉडेल सडा आणि खोरं यांची एकाच चौकटीत सरासरी काढतं. कड्याच्या टोकाला धुकं असताना अर्धा किलोमीटर आत कोरडं असू शकतं, म्हणून दुर्बीण दरीच्या कडेला मांडू नये.

आकाश दहाला मोकळं झालं, हिशोबापेक्षा अर्धा तास उशिरा. एवढी सूट ठेवावी, कारण अवरक्त चित्रात पातळ ढगाची शेवटची झालर दिसत नाही. पारदर्शकता तपासायला पुष्कळ जण ध्रुवाच्या आसपासचे तारे मोजतात, पण साताऱ्यातून ध्रुव फक्त साडेसतरा अंशांवर आहे आणि तिथं कायम धूसर असतं. आपल्याला कृत्तिकाच बऱ्या. आता नजर किंचित बाजूला ठेवून सात तारे सुटे दिसत होते. एम 33 तेव्हा पश्चिमेकडे साठेक अंशांवर होती. 25 मिलिमीटरच्या आयपीसमध्ये प्रथम नुसता लांबट उजेड दिसला. डोकं काळ्या कापडाखाली घेऊन पाच मिनिटं स्थिर पाहिल्यावर मधल्या गाभ्यातून दोन बाजूंना वळणारे फिके फाटे जाणवले, आणि एका टोकाला छोटा धूसर ठिपका: एनजीसी 604, त्या दीर्घिकेतला तेजोमेघ. नळीला हळूच टिचकी मारली की फिकं काही असेल तर ते हलताना चटकन लक्षात येतं. फाट्यांची खात्री तशीच केली.

खिशातला छोटा तापमान-आर्द्रता मापक पहाटे तीनला साडेअकरा अंश आणि 70 टक्के दाखवत होता. दवबिंदू सहाच्या आसपास, अंदाजाप्रमाणेच. मापक नसेल तर दर अर्ध्या तासाने गाडीच्या टपावरून हात फिरवा. टप दुर्बिणीच्या आधी ओला होतो. तो चिकट लागला की शोधक दुर्बिणीला झाकण घाला आणि आयपीस खिशात ठेवा.

सातारकरांना संध्याकाळी सहाला ठरवता येतं. सांगलीहून येणाऱ्यांनी अडीच-तीन तास प्रवास धरून दुपारी दोन आणि तीनच्या चित्रांवर निर्णय घ्यावा, आणि पट्ट्याची कड यायला रात्री अकराच्या पुढे वेळ लागणार असेल तर निघू नये. फेब्रुवारीच्या शेवटापासून डोंगरांवर वणवे लागतात. तेव्हा दवबिंदूचं अंतर दहा-बारा अंश असलं तरी हुरळून जाऊ नका. त्या महिन्यांत हवा कोरडी असते आणि रात्र धुरामुळे जाते, म्हणून तिथून पुढे `Aerosol` चा आकडा आधी बघायचा आणि दवबिंदू नंतर.