पाच दिवसांत एक किलो नऊशे

ती पहिल्यांदा आली तेव्हा लग्नाला 38 दिवस उरले होते. वय 27, उंची 158 सेंटिमीटर, वजन 68 किलो, आणि मागणी एकच : लग्नापर्यंत 58. आहारतज्ज्ञ म्हणून मला मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत दर आठवड्याला ही मागणी ऐकावी लागते, त्यामुळे मी सवयीने कागद पुढे ओढून तिच्यासमोर हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, म्हणजे दहा किलोंसाठी 77,000, म्हणजे दिवसाला 2,000 हून थोडी अधिक तूट. तिच्या शरीराचा दिवसाचा एकूण खर्चच 1,900 च्या आसपास होता. थोडक्यात, तिने 38 दिवस पाण्याखेरीज काहीही घेतले नसते, तरी हा आकडा बसत नव्हता. रोज 500 कॅलरींची तूट तिला झेपण्यासारखी होती आणि त्यातून अडीच किलो चरबी उतरली असती. मी "तीन किलो धरून चल" म्हणाले. तिच्या आईने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, पण मुलीचा चेहरा पडला होता.

आहार साधाच दिला : दोन्ही जेवणांत एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भाजी, ताक, आणि भात, लोणचे, पापड व फरसाण तूर्त बंद. खरी अडचण केळवणांची होती. यादीत नऊ केळवणे होती, आणि मावशीच्या घरी जाऊन "मी डाएटवर आहे" असे सांगणारी नवरी आपल्याकडे अजून जन्मायची आहे. म्हणून केळवणाच्या दिवशी दुसरे जेवण हलके ठेवायचे, असे ठरवले.

पाचव्या दिवशी वजन 66.1 भरले, म्हणजे एक किलो नऊशे ग्रॅम कमी. मी "छान" म्हणाले आणि पुढच्या व्यक्तीला आत बोलावले.

त्या एका शब्दाकडे मला आजही परत परत जावेसे वाटते. ते वजन बहुतांशी पाण्याचे होते, हे मला ठाऊक होते. यकृतात आणि स्नायूंत पिठूळ पदार्थांचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, आणि भात व मीठ एकदम कमी केले की हा साठा आणि हे पाणी पहिल्या आठवड्यातच निघून जाते. ते दोन मिनिटांत समजावता आले असते. बाहेर सहा जण ताटकळत होते, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. तिने घरी जाऊन स्वतःचा हिशेब मांडला : पाच दिवसांत 1.9, तर 26 दिवसांत दहा.

बाराव्या दिवशी वजन 65.8 वर अडकले होते. पाळी जवळ आली होती आणि त्या दिवसांत शरीरात पाणी साचून काटा किलो-दीड किलोने फसवतो, हे मी सांगितले, परंतु तिला ते सबब वाटली असणार.

सतराव्या दिवशी आई आनंदाने आत आली. वजन 63.6. मुलगी मात्र काट्यावरून उतरताना टेबलाला धरून उभी राहिली. ओठ कोरडे, नाडी जलद. आडवे झोपवून रक्तदाब 110/70 आणि उभे केल्यावर 88/60. खोदून विचारल्यावर कळले की पाच दिवस ती दुधीचा रस आणि एक फळ एवढ्यावर होती, आणि घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांच्या सूज उतरवण्याच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रोज घेत होती. "इव्हेंटच्या आधी सगळेच घेतात" असे तिला व्यायामशाळेत कोणीतरी सांगितले होते. असे सल्ले देणाऱ्यांना रक्तातले पोटॅशियम उतरले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे ठाऊक नसते, किंवा असूनही फिकीर नसते. मी लगेच डॉक्टरांकडे पाठवले. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी निघाले, आणि एक रात्र रुग्णालयात काढावी लागली.

गोळ्या थांबल्या, जेवण सुरू झाले, आणि चार दिवसांत वजन 65.7 झाले. ती माझ्यासमोर रडली, "सगळं परत आलं." मी या वेळी घाई केली नाही. पाच दिवसांत 2.2 किलो उतरले होते. ती चरबी असती तर 17,000 कॅलरींची तूट लागली असती, आणि उपाशी राहूनही तिची तूट फार तर आठ-नऊ हजारांची होती. परत आले ते पाणी. चरबी जेवढी गेली होती, ती गेलेलीच होती.

मधल्या काळात एक घोटाळा झाला होता. ब्लाउजची मापे सोळाव्या दिवशी, म्हणजे तिच्या सर्वांत सुकलेल्या दिवशी, दिली गेली होती. शिंपीकाका अनुभवी निघाले; त्यांनी दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवली होती.

छत्तिसाव्या दिवशी वजन 64.7 होते, कंबर 86 वरून 82 सेंटिमीटर. माया अर्धा इंच उसवावी लागली. आता पहिल्या आठवड्यातला काटा दाखवताना मी कागदावर आधी "पाणी" असे लिहिते, आणि मगच आकडा.