आमची वाटचाल : पुण्याच्या घरभाड्यातून उभा राहिलेला बार्शीचा करडई घाणा

बार्शीत परत आलो तेव्हा नोकरी सोडलेली नव्हती. मी एका परदेशी कंपनीच्या प्रणालीचं बॅकएंडचं काम करतो. टीम युरोपात आहे, त्यामुळे माझा दिवस दुपारी दीडला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. सकाळ पूर्ण मोकळी. पुण्यात वाकडला राहत होतो तेव्हाही ती मोकळीच होती, पण तिथे त्या वेळेचं काही करता येण्यासारखं नव्हतं. इथे घाणा सुरू झाला. तो माझी बायको चालवते. परवाना तिच्या नावावर आहे आणि खरेदी-विक्रीचे निर्णयही तिचेच. मी सकाळचे चार तास हाताखाली असतो आणि हिशेब बघतो.

गावात खर्च कमी म्हणून धंदा परवडतो, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. तेलाच्या किमतीतला सर्वांत मोठा भाग बियाचा, आणि बी बार्शीत स्वस्त मिळत नाही. बाजार समितीत जो भाव निघेल तो सगळ्यांनाच द्यावा लागतो. मग गावाचा फायदा नेमका कुठे होतो, हे आकड्यांतूनच कळतं.

करडईचा २०२५-२६ च्या हंगामासाठीचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता. आम्ही हिशेबाला ६,००० धरतो. हमाली, तोलाई आणि गाडीभाडं मिळून साधारण १५० रुपये. चाळणी मारल्यावर काडीकचरा, खडे आणि पोचट दाणा जाऊन १०० किलोचे ९७ उरतात. करडई टरफलासकट गाळली जाते, त्यामुळे उतारा शेंगदाण्याइतका नसतो. लाकडी घाण्यावर आम्हाला या ९७ किलोतून २५ किलोच्या आसपास तेल मिळतं, म्हणजे २७ लिटर. उरलेली ७० किलो पेंड दूधवाले २२ रुपयांनी नेतात, त्याचे १,५४० परत येतात. बियाचा निव्वळ खर्च ४,६१० राहिला. दिवसाची मजुरी ७००, वीज १५०, बाटली, बूच आणि लेबल मिळून बाटलीमागे २० रुपये. एकूण ६,००० झाले. लिटरला २२२ रुपये पडले, आणि हे बार्शीत काय किंवा पुण्यात काय, फार बदलत नाही.

बदलतं ते जागेचं भाडं. आमची जागा महिना ५,०००. महिन्याला ३०० लिटर विकलं तर लिटरमागे १७ रुपये. तेवढीच, थ्री-फेज जोडणी असलेली जागा पुण्यात पाहिली होती, तिचं भाडं २५,००० सांगत होते. तीनशे लिटरवर लिटरमागे ८३ रुपये. आमचा विक्रीभाव ३२० आहे. थेट ग्राहकाला विकलं तर बार्शीत हातात ८१ राहतात. दुकानदाराला पंधरा टक्के सोडले की ३३. पुण्यात थेट विक्रीतही पंधरा रुपये उरले असते आणि दुकानात तोटा. म्हणजे कमी भाडं तेल स्वस्त करत नाही. कमी खपावर तग धरायला वेळ देतं. सुरुवातीच्या महिन्यांत आमचा खप शंभर लिटरच्या आतबाहेर होता. त्या काळात पुण्याची जागा असती तर शटर ओढावं लागलं असतं.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र भांडवलाची आहे. करडई रब्बीचं पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. काटेरी असल्यामुळे काढणी पहाटे दवात करतात, तेव्हा काटे मऊ असतात. माल बाजारात येतो तो दोन-अडीच महिने. नंतर आवक आटते, भाव चढतो, आणि मिळतं तेही मिसळीचं. त्यामुळे वर्षभराचं बी मार्च-एप्रिलमध्येच भरून ठेवावं लागतं. तीनशे लिटरला महिन्याला अकरा क्विंटल लागतात, वर्षाला एकशेतीसच्या आसपास. आडतीवर उधारी फार दिवस चालत नाही. हे सात-आठ लाख रुपये बियात गुंततात आणि बाटलीबाटलीनं परत येतात.

आता घरचा हिशेब. वाकडचं घरभाडं, सोसायटी, मुलीची शाळेची बस, बाहेरचं खाणं, माझी गाडी, हे सगळं गेल्यावर आमचा महिन्याचा खर्च जवळपास ४५ हजारांनी कमी झाला. इथे वडिलांचं घर आहे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. वर्षाचे पाच लाख चाळीस हजार होतात. पगार तोच. ही वाचलेली रक्कम म्हणजे आमच्या करडईची सत्तर टक्के खरेदी. घाणा, चाळणी, स्टीलच्या टाक्या आणि वायरिंग यांत चार लाख गेले, ते आधीच्या बचतीतून. प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान होतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं होतं. आम्हाला यंत्रापेक्षा बियासाठी पैसा हवा होता, आणि तो घरातूनच आला. ज्यांच्याकडे अशी घरातली रक्कम नाही त्यांनी कर्जाचं व्याज धरूनच लिटरचा भाव काढावा. सहा लाख वर्षभर थोडेथोडे मोकळे होत गेले, तर बारा टक्क्यांनी साधारण ३६ हजार व्याज होतं. लिटरमागे दहा रुपये.

करडईच निवडण्याचं कारणही साठवणुकीत आहे. शेंगदाण्याला पावसाळ्यात भुंगा लागतो, ओल धरली की बुरशी येते, आणि त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आरोग्याला घातक असतं. करडईचं टरफल टणक. बारदानात भरून, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर थप्पी लावली तर वर्षभर टिकते. बी जितकं टिकाऊ, तेल तितकं नाही. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे हवा आणि उजेड लागला की ते लवकर खवट होतं. म्हणून आम्ही साठा बियाचा करतो, तेलाचा नाही. आठवड्याची मागणी आली की तेवढंच गाळतो. बाटलीवर तीन महिन्यांची मुदत लिहितो आणि बाटल्या खोक्यातच ठेवायला सांगतो.

गाळपात सगळं ओलाव्यावर असतं. दाणा दाताखाली घेतला की कट्कन तुटायला हवा. दबला तर ओल आहे. असं बी घातलं की तेल गढूळ येतं आणि लवकर निवळत नाही. फार कोरडं असेल तर घाण्यातला लाकडी दांडा, म्हणजे लाट, नुसतीच फिरते, भुगा होतो आणि तेल सुटत नाही. तेव्हा पाण्याचा हलका शिपका मारावा लागतो. पेंड पापडीसारखी पातळ निघू लागली की घाणी उतरली. पंधरा किलोच्या घाणीला तासभर लागतो, म्हणून क्विंटलभर बी म्हणजे अख्खा दिवस. तेल टाकीत चार-पाच दिवस निवळू देतो आणि मग कापडातून गाळतो. घाई केली तर तळाशी गाद राहते, कढईत फेस येतो, आणि गिऱ्हाईक फोन करून तेलात भेसळ आहे म्हणतं. गिऱ्हाईकाची शंका रास्त असते.

महिन्यातले अकरा-बारा दिवस आमचं गाळप चालतं. बाकी दिवशी लोक स्वतःचे शेंगदाणे, तीळ, जवस घेऊन येतात आणि मजुरी देऊन तेल काढून नेतात. सुट्टं तेल मात्र आम्ही विकत नाही. अन्नसुरक्षा नियमांत खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकायचं आहे. डबा घेऊन आलेल्या शेजारच्या काकूंना नाही म्हणायला जड जातं, तरी म्हणतो. वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असल्यामुळे तेव्हाच्या नियमांप्रमाणे अन्न परवान्याची साधी नोंदणी पुरली. बाटलीवर लिटरसोबत वजनही छापलेलं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे एक लिटर भरतं ते ९२० ग्रॅमच्या आसपास.

नोकरीत असलेल्यांसाठी दोन गोष्टी सविस्तर सांगतो, कारण मला सर्वांत जास्त फोन यावरच येतात. पहिली कराराची. माझ्या नेमणुकीच्या करारात लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करायचा नाही असं कलम होतं. बायकोच्या नावावर केलं म्हणजे सुटलो, असं मी धरलं नाही, कारण मी रोज तिथे हाताखाली असतो. धंदा काय, कुठल्या वेळेत, कोणाच्या मालकीचा, हे लिहून मेल केली. कामाच्या वेळेत नाही, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही आणि त्यांच्या क्षेत्रात नाही, या अटींवर परवानगी आली. ती मेल छापून फाइलला लावली आहे.

दुसरी कराची. नवऱ्यानं बायकोला पैसे नुसते दिले आणि त्यातून तिनं धंदा केला, तर त्या पैशाच्या प्रमाणात तिचा नफा नवऱ्याच्या उत्पन्नात मोजला जातो. आमच्या सीएंनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं. म्हणून बी खरेदीसाठी मी दिलेली रक्कम तिच्या पुस्तकात कर्ज म्हणून आहे, लेखी आणि व्याजासकट. ती दिवाळीपासून हप्त्यानं परत करते, बँकेतूनच. व्याज माझ्या विवरणपत्रात दाखवतो. यामुळे एक फायदा असाही झाला, की धंदा स्वतःच्या पायावर आहे की पगारावर, हे पुस्तक उघडलं की दिसतं.

वीज आणि इंटरनेट थोडक्यात सांगतो. घाण्याला उद्योगाचं वेगळं मीटर आहे, घरच्या मीटरवर मोटर चालवत नाही. घरी फायबर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम, दोन्ही इन्व्हर्टरवर. गाळप सकाळी आठला सुरू होतं आणि दुपारी मी निघालो की दोन कामगार आणि बायको पुढे नेतात. घाणा घरापासून वेगळ्या जागी ठेवला तो माझ्या मीटिंगांमुळे.

निम्मं तेल बार्शी, कुर्डुवाडी आणि सोलापूरच्या दुकानांत जातं, निम्मं पुण्याच्या ओळखीच्या घरांत, रात्रीच्या लक्झरीच्या पार्सलनं. सगळं जाऊन महिन्याला सोळा-सतरा हजार उरतात. यावर घर चालणार नाही, आणि ते आम्ही त्यावर चालवतही नाही. तिनं आतापर्यंत एक रुपया उचललेला नाही. उरलेलं सगळं पुढच्या बियाच्या खात्यात जातं. मागच्या मार्चच्या खरेदीत माझं कर्ज निम्म्यावर आलं होतं. येत्या हंगामात तिला सगळं बी घाण्याच्याच पैशातून भरायचं आहे. त्यासाठी वैरागकडच्या काही शेतकऱ्यांशी ती आत्तापासून बोलते आहे: माल थेट घाण्यावर, वजन समोरासमोर, त्या दिवशीचा बाजारभाव, पैसे आठवड्याच्या आत खात्यावर. पेरणी झाली की शेतं बघायला जाणार आहोत.