आलेख वर गेला, आमचा हरभरा नाही

आमची शेती लातूर जिल्ह्यात आणि मी भांडुपला. दादा पिकवतो, माल कधी विकायचा हे आम्ही दोघं फोनवर ठरवतो. यंदा 18 क्विंटल लाल हरभरा घरात ठेवला होता. दर रविवारी दादा मला एका ॲपवरचा आठवड्याच्या भावाचा आलेख पाठवायचा. त्या चित्रांनी मला जो मनस्ताप दिला तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

जूनच्या पहिल्या रविवारचं चित्र बघून मी उभाच राहिलो. रेघ सरळ वर! मागच्या आठवड्यात 5,430, या आठवड्यात 5,937. मी लगेच फोन केला, "दादा, उद्याच टेम्पो सांग." दादा म्हणाला, "आरं, इथं तर कुणी असा भाव मिळाला म्हणत न्हाई." मला वाटलं, त्याला अजून कळलं नसेल.

रात्री झोप लागेना. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर तोच बाजार उघडला. तिथे प्रत्येक जातीची वेगळी ओळ असते: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. मागच्या आठवड्यात दोनच ओळी होत्या, लाल 5,400 आणि चाफा 5,460. या आठवड्यात लाल 5,370, चाफा 5,440 आणि तिसरी ओळ काबुलीची, 7,000. ॲपने तिन्ही ओळी मिळवून तीनने भागल्या होत्या. काबुलीची आवक होती अवघी 6 क्विंटल! लाल हरभरा शेकड्यांनी आलेला, तरी हिशेबात दोघांचं वजन सारखंच. म्हणजे आलेख 500 रुपयांनी चढला आणि आमचा हरभरा 30 रुपयांनी उतरला होता. टेम्पो थांबवायला रात्री साडेअकराला दादाला उठवावं लागलं. इतका राग मला फार दिवसांत आला नव्हता. जातीचं नाव नसलेला आलेख शेतकऱ्यापुढे ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

त्या दिवसापासून दादाला सांगितलं, चित्र नको. लाल हरभऱ्याचा सर्वसाधारण दर आणि आवक, हे दोनच आकडे तारखेसह पाठव. मी ते वहीत लिहू लागलो. तारीख नसलेली जुनी चित्रं गटागटांतून फिरत असतात, तीही त्याने मला दोनदा पाठवली होती.

आणखी एक, मुंबईत राहणाऱ्यांसाठी. अशा याद्यांमध्ये मुंबईचा भाव गावापेक्षा बराच वर दिसतो. मी एका शनिवारी वाशीच्या दाणा बाजारात जाऊन विचारलं. एका व्यापाऱ्याने नीट समजावलं, की तिथे येतो तो बहुतेक व्यापाऱ्यांचा चाळलेला, निवडलेला माल. खळ्यावरून उचललेल्या पोत्याशी त्याची तुलना करू नका. आपला भाव आपल्या बाजार समितीचाच धरायचा.

थांबायलाही पैसे लागतात, हे मी आधी धरलंच नव्हतं. बियाण्याची उधारी महिना दीड टक्क्याने होती. 5,400 वर महिन्याला 81 रुपये, म्हणजे आठवड्याला क्विंटलमागे साधारण 20. भाव आठवड्याला 20 रुपयांपेक्षा कमी चढला तर ठेवून उपयोग नाही.

पुढचे तीन आठवडे लाल हरभरा 5,410, 5,460, 5,515 असा चढला आणि आवक जवळपास तेवढीच राहिली. तेव्हा मी दादाला थांबवलं. चौथ्या आठवड्यात भाव 5,520 वर थबकला आणि आवक दुपटीजवळ गेली. मला दिसलं की आमच्यासारखे थांबलेले लोक आता पोती बाहेर काढताहेत. माल वाढूनही भाव टिकला होता, पण पुढे चढायला जागा दिसत नव्हती. म्हटलं, "दादा, आता ने."

मातेरं थोडं जास्त निघालं, म्हणून सौदा सर्वसाधारण दरापेक्षा 70 रुपयांनी खाली, 5,450 ला झाला. त्या फसव्या आठवड्यात नेला असता तर याच फरकाने 5,300 मिळाले असते. 150 जास्त, त्यातून चार आठवड्यांचं 80 व्याज वजा, उरले 70. 18 क्विंटलचे 1,260. वजनात 12 किलो तूट आली, ती साधारण साडेसहाशेची. हमाली-तोलाई दोन्ही वेळेस लागलीच असती.

हाती सहाशे रुपये जास्त आले. दादाने पट्टीचा फोटो पाठवला, त्यावर तारीख आणि "हरभरा लाल" स्पष्ट दिसत होतं. तो फोटो मी वहीत चिकटवून ठेवलाय.