रिस्टार्ट केला की चार्ज होतो, मग पुन्हा बंद

परवा एक काका फोन घेऊन आले, म्हणाले बाळा हा फोन रिस्टार्ट केला की चार्जिंग घेतो, पाचेक मिनिटांनी चिन्हच गायब होतं, पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा तेच. आधी एका ठिकाणी चार्जिंग पोर्ट बदलून झालाय, फरक शून्य.

खरं सांगतो, माझाही हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडेच गेला होता, पण "रिस्टार्ट केल्यावर" हा शब्द डोक्यात अडकला. पोर्ट सैल असेल तर केबल हलवल्यावर फरक पडतो, रिस्टार्टशी त्याचं काय देणंघेणं? म्हणून फोन न उघडता चार्जर आणि केबलच्या मधे यूएसबी मीटर लावला. फोन चालू असताना ५.१ व्होल्ट आणि करंट ०.००. केबल हलवली, उलटी करून लावली, तरी काटेकोर शून्य. मग फोन पूर्ण बंद करून लावला तर लगेच १.५ अँपिअर, वीस मिनिटं तसाच स्थिर. बंद फोनमध्ये अ‍ॅप वगैरे काही चालत नाही, म्हणजे केबल, पोर्ट, चार्जिंग आयसी, बॅटरी हा सगळा रस्ता निदान थंड फोनवर तरी ठीक होता. इथेही करंट आला नसता तर मी सरळ बोर्ड उघडला असता.

मग सेफ मोड, म्हणजे बाहेरून टाकलेली अ‍ॅप बंद ठेवून फोन चालू केला. चाळीस मिनिटं चार्ज होत राहिला. पण इथे माझं जरा वेगळं मत आहे, सेफ मोडमध्ये चार्ज झाला म्हणजे अ‍ॅपचाच दोष असं लगेच ठरवू नये, कारण सेफ मोडमध्ये फोनवर कामच कमी असतं, फोन गार राहतो, आणि गरम झाल्यावर चार्जिंग सोडणारा फोनही तिथे पास होऊन जातो. म्हणून मी सेफ मोडमध्येच ब्राइटनेस फुल करून, कॅमेरा चालू ठेवून फोन मुद्दाम तापवला. करंट थोडा खाली आला पण तुटला नाही. आता मात्र सॉफ्टवेअरवर संशय पक्का झाला.

नॉर्मल मोडला आणला, चार्जिंग थांबायची वाट बघितली, आणि कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं adb, यूएसबीत चार्जर होता म्हणून, वायफायवरून जोडलं.

```
adb shell dumpsys battery
```

AC powered: false, status: 3, level: 43, temperature: 312. ३१२ म्हणजे ३१.२ अंश, उष्णतेचा विषय संपला. status 3 म्हणजे बॅटरी उतरतेय. फोनला चार्जर दिसतच नाही असं वाटतं ना? मीही क्षणभर पुन्हा पोर्टकडे वळलो होतो. पण फोन रूट केलेला निघाला, म्हणजे सिस्टीमचे पूर्ण हक्क उघडलेला, त्यामुळे आतल्या फायली वाचता आल्या. या फायलींची नावं प्रत्येक फोनमध्ये सारखी नसतात, या फोनमध्ये या होत्या, adb shell मध्ये su घेऊन वाचल्या:

```
cat /sys/class/power_supply/usb/present
cat /sys/class/power_supply/battery/input_suspend
```

दोन्हींचं उत्तर 1. म्हणजे चार्जरचा व्होल्टेज चिपपर्यंत पोचतोय, पण कोणीतरी सांगून ठेवलंय की आत घेऊ नकोस! input_suspend मध्ये 0 लिहिलं आणि मीटर झटक्यात १.४ वर. दीड मिनिटाने परत शून्य, वाचून बघितलं तर तिथे पुन्हा 1. कोणीतरी मागून सारखं लिहीत होतं.

काकांना विचारलं फोन रूट कोणी केला, तर म्हणाले "पुतण्याने काहीतरी केलं होतं, बॅटरी जास्त टिकेल म्हणाला." अ‍ॅपच्या यादीत चार्जिंग लिमिटचं अ‍ॅप सापडलं, रूटची परवानगी दिलेलं. सेटिंग होतं ८० टक्क्याला थांब आणि २० च्या खाली गेल्यावरच पुन्हा सुरू कर. काका फोन चाळिशीत आला की लावणारे, २० पर्यंत कधी जाऊच देत नव्हते. ते फाईलमधलं 1 फक्त चालू मेमरीत असतं, म्हणून रिस्टार्टला पुसलं जायचं आणि चार्जिंग सुरू व्हायचं, मग अ‍ॅप जागं होऊन "आपण थांबलेलो होतो" हे आठवून परत 1 लिहायचं. आणि सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेलं अ‍ॅप चालतच नाही.

तेव्हा काकांना आठवलं, मागे एकदा प्रवासात फोन १५ टक्क्यांवर गेला होता आणि रिस्टार्ट न करताच नीट चार्ज झाला होता. हे मी सुरुवातीलाच विचारायला हवं होतं, फोन किती टक्क्यांवर असताना चार्जिंग घेत नाही, नंतर कधी आपोआप घेतं का.

अ‍ॅप काढलं, रिस्टार्ट केला, नॉर्मल मोडमध्येच मीटरवर तासभर ठेवला. करंट एकदाही तुटला नाही. काकांना पोर्टच्या वाया गेलेल्या पैशांचं वाईट वाटत होतं, मलाही वाटलं, मग बसल्या बसल्या पुतण्याला फोन लावला आणि घरातल्या अजून कोणाच्या फोनवर हे अ‍ॅप टाकलंय ते विचारून घेतलं. काकूंच्या फोनवरही होतं.