उलटा का करायचा?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं त्याच रात्री माझा एक वर्गमित्र स्वप्नात आला. एक्केचाळीस वर्षांनी. मधल्या काळात त्याची आठवणही झाली नव्हती, म्हणून हे फार लागून राहिलं.

स्वप्न छोटंच होतं. सातवीचा वर्ग. मी आजच्या वयाची, चष्मा लावलेली, पहिल्या बाकावर. तो मात्र तेव्हाएवढाच, बारा वर्षांचा, बाकाशी उभा राहून माझ्याकडे बघतोय. "तुला समजलं?" असं विचारतो. मला बोलायचंय, पण आवाज फुटत नाही. पहाटे जाग आली. अंथरुणातून न उठता, होतं तसं लिहून काढलं. ही जुनी सवय आहे, कारण उठून दिवा लावेपर्यंत स्वप्नाचं निम्मं विरून जातं. स्वप्नांविषयी मी बरीच वर्षं वाचते आणि स्वतःच्या स्वप्नांची वही ठेवते.

मनोविश्लेषक फ्रॉइडने म्हटलंय की स्वप्नाचा कच्चा माल बहुधा आदल्या दिवसातून येतो. तसं बघितलं तर पत्रामुळे शाळा आली, एवढं उलगडलं. पण माझ्या वर्गात तर पन्नासजण होते. मग तोच का?

आधी वाटलं, त्याचं काही बरंवाईट तर झालं नसेल? एका मैत्रिणीला फोन केला. तो सुखरूप आहे, मजेत आहे. स्वप्न म्हणजे सांगावा, ही कल्पना तिथेच सोडली. मग मानसशास्त्रज्ञ युंगची एक गोष्ट आठवली. रोजच्या आयुष्यातलं माणूस, म्हणजे नवरा, भाऊ, साहेब, स्वप्नात आलं तर ते आधी खरोखर त्याच माणसाविषयी आहे असं धरावं, असं तो म्हणतो. पण ज्याच्याशी आता काहीच संबंध उरलेला नाही असं कुणी आलं, तर ते बहुतेक आपल्याच मनाचा एखादा भाग त्याचा चेहरा घेऊन आलेलं असतं. अशा वेळी विचारायचं ते असं: या माणसाचं नाव काढलं की पहिल्यांदा काय आठवतं?

मला आठवलं ते त्याचं उभं राहणं. अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. फळ्यावर नियम लिहिला होता: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. "समजलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तो उठला आणि म्हणाला, "नाही समजलं. उलटा का करायचा?" नियम आहे तो, असं उत्तर मिळालं. तो बसला नाही. "पण का?" वर्ग हसला, मीही हसले. आणि खरं सांगायचं तर मलाही समजलं नव्हतं. मी पहिल्या तिनांत असायचे, उलटा करायचे, गुणायचे, पूर्ण मार्क मिळवायचे.

इथवर आल्यावर मी अडले. हसल्याची टोचणी म्हणून तो आला असेल, असं वाटलं, आणि तसं लिहूनही टाकलं. पण नुसत्या अपराधीपणावर थांबलं की मन आतून हलत नाही, हा माझा अनुभव आहे. अर्थ नेमका लागला की आधी पोटात काहीतरी सैल होतं, पटतं नंतर. तसं काही झालं नव्हतं. म्हणून पुन्हा आदल्या दिवसाकडे गेले, या वेळी पत्र बाजूला ठेवून. दुपारी ऑफिसात एक तरुण सहकारी नवीन हिशेबप्रणाली दाखवत होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, क्लिअर आहे ना?" मी मान डोलावली. एक अक्षर कळलं नव्हतं.

ते सैल होणं तेव्हा जाणवलं.

तो माझ्यातला न समजल्याचं सांगणारा मुलगा होता. मी त्याला सातवीतच खाली बसवलं होतं. माझं वय वाढलं, त्याचं नाही. वापरात नसलेली गोष्ट जशीच्या तशी राहते, तसा तो बारा वर्षांचाच राहिला. अर्थात एका स्वप्नावर फार भार टाकू नये, पुढची काय म्हणतात ते बघावं. दुसऱ्या दिवशी मी त्या तरुण सहकाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "मला काल काहीच समजलं नाही, पहिल्यापासून सांग." तीन आठवड्यांनी तो बारा वर्षांचा मुलगा पुन्हा स्वप्नात आला. या वेळी माझ्याच बाकावर बसला होता, आणि मी सरकून जागा देत होते.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्याला तो वर्गमित्र येणार आहे म्हणे. त्याला त्या दिवशी न मिळालेलं उत्तर मी शोधून ठेवलंय. पावाने भागायचं म्हणजे एकात किती पाव बसतात ते बघायचं. चार बसतात, म्हणून चाराने गुणायचं. अर्ध्यात त्याच्या निम्मे, दोन. एवढंच होतं ते, मित्रा.